माठाचा नळ मुळाशी गळतोय: वॉशर बदलताना माती कशी सांभाळायची

प्रश्न: फोंड्याला राहतो. डिचोलीच्या कुंभाराकडून नळवाला माठ आणलाय, पंधराएक लिटरचा. महिनाभर ठीक होता, आता नळ जिथे मातीत बसतो तिथून थेंब थेंब गळतोय. आतला नट आवळला तर थोडा कमी झाला, पण अजून आवळायची भीती वाटते, तडा गेला तर? वॉशर कुठला घालू? आणि एमसील लावून टाकलं तर चालेल का?

उत्तर: आधी एक करा, आता अजिबात आवळू नका. थेंब कमी झाला म्हणजे आवळणं बरोबर चाललंय असं वाटतं आणि माणूस अजून अर्धा फेरा देतो, आणि माठ फुटतो तो बहुतेक त्याच अर्ध्या फेऱ्यात. मी नळफिटिंगचं काम करतो, त्यातच उन्हाळ्यात माठांचे नळ बसवायची कामं येतात, आणि फुटलेले जे माठ बघितले त्यातले बरेचसे गळतीने नाही, आवळण्याने गेलेत.

कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. तुमच्या माठात नळाच्या वर पाणी असतं किती, फार तर वीत-दीड वीत, म्हणजे २५-३० सेंटीमीटर. एवढ्या पाण्याचा दाब अगदीच नगण्य. घराच्या गच्चीवर टाकी असते आणि खाली मोरीत नळ असतो, तिथे पाण्याची उंची सात-आठ मीटर असते, म्हणजे तिथला दाब माठाच्या पंचवीस-तीस पट. तरी तो नळ साध्या वॉशरवर राहतो. मग माठ का गळतो? दाबामुळे नाही, बैठकीमुळे. वॉशर मातीवर सगळीकडून टेकत नाही, एका बाजूला टेकतो आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट राहते, आणि पाण्याला तेवढी पुरते. आवळून ती फट बंद करायला गेलं की जी बाजू आधीच टेकलेली आहे तिच्यावर सगळा भार येतो. पीव्हीसीची टाकी असती तर जरा वाकली असती, माती वाकत नाही, ती सरळ चिरते.

आता बैठक बिघडते कशी ते बघा. माठाचं पोट गोल आणि नळाची चकती सपाट. ३० सेंटीमीटर रुंदीचा माठ धरला आणि त्याच्यावर ३६ मिलीमीटरची सपाट चकती ठेवली तर भोकाजवळ ती टेकते पण कडेला साधारण पाऊण मिलीमीटरची फट राहते. आतल्या बाजूला नेमकं उलटं, आतून माती खोलगट असते म्हणून नटाच्या बाजूची चकती कडेला टेकते आणि मध्ये भोकाजवळ पोकळ राहते. म्हणजे बाहेरून भोकाच्या काठावर दाब, आतून जरा लांब दाब, आणि मधली माती दोन्हीकडून अशी पिळली जाते. भोकाचा काठ म्हणजे माठाची सगळ्यात नाजूक जागा, तिथे आधीच कापल्याच्या बारीक खाचा असतात, चीर सुरू होते ती तिथूनच.

म्हणून वॉशर कुठला तर जाड आणि मऊ. नळाबरोबर जो काळा, दीड मिलीमीटरचा कडक वॉशर येतो तो टाकी-पिंपासाठी ठीक आहे, माठाला तो चालत नाही कारण तो ती पाऊण मिलीमीटरची फट भरूच शकत नाही. सिलिकॉन रबराचा वॉशर घ्या, दुधट पांढरा किंवा पारदर्शक असतो, ३ ते ४ मिलीमीटर जाड, नखाने दाबला की दबला पाहिजे आणि सोडला की परत आला पाहिजे. वॉटर फिल्टर आणि डिस्पेन्सरचे पार्ट विकणाऱ्या दुकानात मिळतो, फोंड्यात मिळाला नाही तर म्हापशाला किंवा मडगावला बघा. सायकलच्या ट्यूबचा कापून घालू नका, बरेच जण घालतात, पाणी थांबतं पण ते रबर पिण्याच्या पाण्यासाठी नसतं आणि माठाच्या पाण्याला त्याचा वास लागतो, मग माठच खराब म्हणून टाकून देतात.

मापाचं एक सांगतो, दुकानात जाताना नळ काढून सोबत न्या. माठाचे बरेच नळ अर्ध्या इंचाच्या आट्यांचे असतात, बाहेरून मोजलं तर २१ मिलीमीटरच्या आसपास, पण बारीक दांड्याचे पण येतात, अंदाजाने वॉशर आणला तर बहुतेक चुकतो. वॉशरचं आतलं भोक दांड्यापेक्षा किंचित लहान हवं, ओढून घालावा लागला पाहिजे. हे का तर पाणी फक्त वॉशर आणि मातीच्या मधून येत नाही, ते नटाच्या आट्यांमधून पण घुसतं, दांड्याच्या कडेने पुढे सरकतं आणि भोकातून बाहेर येतं. वॉशर दांड्याला घट्ट बसला की आट्यांमध्ये दबतो आणि ती वाट पण बंद होते. सैल वॉशर असला तर तुम्ही बैठक कितीही चांगली करा, थेंब येतोच आणि मग माणूस चक्रावतो की आता काय राहिलं. बाहेरचा व्यास भोकाच्या काठापासून सगळीकडून निदान ६-७ मिलीमीटर पुढे गेला पाहिजे, म्हणजे २२ च्या भोकाला ३५-३६ चा वॉशर.

आणि वॉशर दोन लागतात. बऱ्याच ठिकाणी मी बघतो की बाहेर एकच वॉशर घातलेला असतो आणि आत प्लास्टिकचा नट थेट मातीवर. हे उलटं आहे. पाणी आत आहे, ते आतच अडवलं पाहिजे. बाहेरच्या वॉशरने अडवलं तर तोपर्यंत पाणी भोकाच्या कापलेल्या मातीत शिरलेलं असतं, आणि ती कापलेली माती बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त पाणी पिते, मग वॉशर चांगला असून सुद्धा चकतीच्या भोवती कायम ओल राहते.

काढायच्या आधी मात्र खात्री करून घ्या की हे खरंच फिटिंगचं गळणं आहे. आपल्याकडे गोव्यात हा घोळ फार होतो कारण हवाच दमट. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं म्हणून आतलं गार होतं. घाटावर ते लगेच उडतं, इथे मे महिन्यात सुद्धा हवेत इतकी वाफ असते की माठाच्या अंगावरचं पाणी उडत नाही, थेंब धरतात, ओघळतात आणि वाटेत नळाची चकती आली की तिच्यावर जमून खाली टपकतात. बघणाऱ्याला वाटतं नळ गळतोय. पावसाळ्यात तर विचारूच नका.

तपासायचं असं. माठ कपड्याने कोरडा पुसा, वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी करून नळाच्या मुळाशी गोल गुंडाळा. पट्टी वरच्या बाजूने भिजायला लागली तर वरून घाम ओघळतोय, खालून किंवा चकतीच्या फटीतून भिजली तर फिटिंग गळतंय. मग माठ रिकामा करून पाणी भोकाच्या दोन बोटं खाली राहील एवढंच भरा आणि तासभर ठेवा. नळाच्या मुळाशी थेंब थांबले तर फिटिंगच. पाणी खाली असून पण तिथेच थेंब येत राहिले तर चीर असू शकते, आणि मग वॉशर बदलून काही होणार नाही. अजून एक, नळाच्या तोंडातून टपकत असेल तर ती नळाच्या आतली गोष्ट, त्याचा माठाच्या वॉशरशी संबंध नाही, प्लास्टिकचा नळ असेल तर सरळ नवीन घ्या.

तुम्ही आधीच एकदा आवळलंय म्हणून चिरेची तपासणी नक्की करा. माठ पूर्ण वाळवा, म्हणजे आधी एक दिवस सावलीत उपडा आणि मग एक-दोन दिवस उन्हात, पावसाळा असेल तर पंख्याखाली चार-पाच दिवस लागतील. वाळला की हाताला वजन कळतं आणि बोटाच्या पेराने ठोकलं की खणखणीत वाजतो. चीर असली तर आवाज बद्द येतो, पण ही परीक्षा ओल्या माठावर करू नका, ओला माठ चांगला असला तरी बद्दच वाजतो. मग नळ काढून भोकाला आतून हाताने दाबून कपड्याचा बोळा लावा, आत भोकाच्या वर येईल एवढं पाणी ओता आणि बाहेरून बघत राहा. चांगली भिंत ओली दिसायला बराच वेळ लागतो, चीर असेल तर काही मिनिटांतच भोकापासून निघालेली काळपट रेघ उमटते. बाकी सगळा माठ कोरडा आणि एकच रेघ गडद, ओळखायला चुकत नाही. रेघ नखाच्या टोकाएवढी असेल आणि वॉशरच्या खाली झाकली जात असेल तर माठ वाचतो. वॉशरच्या बाहेर गेली असेल तर त्या माठात नळ बसवू नका, ती चीर वाढणारच.

आता काढायचं कसं. माठ रिकामा करून आडवा ठेवा पण जमिनीवर नाही, जाड चादर किंवा चांगली मोठी चुंबळ करून तिच्यावर, नळ वरच्या बाजूला येईल असा. हात तोंडातून आत घाला, ज्याचा हात बारीक त्याला हे काम द्या. बाहेर नळ एका हाताने घट्ट धरून ठेवायचा आणि आतला नट बोटांनी फिरवायचा. नळ धरून फिरवू नका, वॉशर मातीला चिकटलेला असतो आणि त्याच्याबरोबर काठाची कपची निघते. पक्कड, पाना आत घालूच नका, जागा नसते, हात सटकतो आणि लोखंड मातीवर आपटतं. नट अडकला असेल तर त्यावर क्षाराचा पांढरा थर बसलेला असतो, माडाचं व्हिनेगर घरात असतंच, त्यात चिंधी भिजवून नटाभोवती अर्धा तास ठेवा, थर सुटतो. नंतर माठ दोन-तीन वेळा पाण्याने धुवा. तरी नाही निघाला तर नळ बाहेरून चकतीजवळ बारीक आरीच्या पात्याने कापून टाका, शंभर-दीडशेचा नळ गेला तरी माठ राहतो.

नळ निघाला की भोक नीट बघा, सगळं काम इथेच आहे. मी हे एका माठावर कसं केलं ते सांगतो म्हणजे कळेल. म्हार्दोळला एका काकींचा माठ होता, तुमच्यासारखाच, नळाच्या खालच्या बाजूने थेंब, मोजून चार-पाच सेकंदाला एक. त्यांच्या मुलाने दोनदा वॉशर बदलला होता, टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, तरी गळत होतं. टेपचं आधी सांगतो, टेप दोन आट्यांच्या मधली फट भरते, इथे पाणी मुख्यतः जातं ते नट आणि मातीच्या मधून, मग आट्यांवर कितीही टेप गुंडाळली तरी काय होणार.

मी बारीक तारेचं टोक वाकवून आकडा केला, तो भोकातून आत घालून काठाला अडकवला आणि बाहेर बोटाच्या नखाने खूण धरून भिंतीची जाडी मोजली. भोकाच्या वरच्या बाजूला भरली ९ मिलीमीटर, खालच्या बाजूला ११. चाकावरच्या माठाची भिंत तळाकडे जाड होत जाते, त्यात कुंभाराचा दोष नाही, माती अशीच उभी राहते. पण त्यामुळे आतला नट तिरका बसला होता, खाली टेकलेला आणि वर सुटलेला. पाणी वरच्या फटीतून आत घुसायचं, भोकात दांड्याभोवती फिरून खाली यायचं आणि बाहेर खालून टपकायचं. म्हणून मुलगा खालच्या बाजूला बघत बसला, तिथे काहीच बिघाड नव्हता. थेंब जिथे दिसतो तिथूनच पाणी शिरलं असेल असं नसतं, हे लक्षात ठेवा.

बैठक किती टेकते हे बघायला मी तांदळाचं पीठ वापरतो. थोडं पीठ पाण्यात दाट कालवायचं, वॉशरच्या मातीकडच्या बाजूला बोटाने पातळ लावायचं, वॉशर दांड्यावर घालून नळ जागेवर ठेवून हलका दाबायचा आणि काढायचा. लाल मातीवर पांढरा छाप उठतो. पूर्ण गोल उठला तर बैठक चांगली. काकींच्या माठात आतून उठला तो चंद्रकोरीसारखा, खालचा अर्धाच, आणि त्या अर्ध्यात पण एका जागी गर्द ठिपका. तो ठिपका म्हणजे मातीचा उंचवटा, भोक कापताना आतल्या बाजूला सरकलेली माती तशीच भाजली गेली होती. सगळा भार त्या एका ठिपक्यावर.

तो उंचवटा काढायला काचकागद घ्या, आधी ८० नंबर, शेवटी १२० नंबर. एका चपट्या लाकडी पट्टीला, अगदी आइस्क्रीमची काडी चालते, कागद चिकटवा आणि बोटांनी दाबून गोल गोल घासा, एका दिशेने जोर देऊन नाही. जागा जराशी ओली करून घासा म्हणजे मातीची धूळ नाकात जात नाही, ती धूळ फुप्फुसाला वाईट. कानस, ग्राइंडर, ड्रिल काही नको, त्यांच्या थरथरीने काठ उडतो. भोकाचा धारदार काठ पण आतून-बाहेरून हलका गोल करून घ्या, धार राहिली तर वॉशर कापला जातो आणि चीर पण तिथूनच निघते. मी त्या माठाची फार तर अर्धा-पाऊण मिलीमीटर माती काढली. पुढचा दीड मिलीमीटरचा फरक घासून काढायला गेलो असतो तर भिंत कमजोर झाली असती, त्याऐवजी आतून ५ मिलीमीटरचा मऊ सिलिकॉन वॉशर घातला, तो एका बाजूला जास्त दबतो आणि दुसऱ्या बाजूला कमी, फरक तोच गिळतो. परत पिठाचा छाप घेतला, यावेळी पूर्ण गोल आला, वर जरा फिका पण तुटलेला नाही. एवढं झालं की पीठ धुऊन माठ परत वाळवायचा.

बसवायचा क्रम असा: नळाची चकती, तिच्या मागे ३ मिलीमीटरचा वॉशर, मग माठाची भिंत, आतून जाड वॉशर, त्याच्यावर प्लास्टिकची पातळ गुळगुळीत चकती आणि मग नट. ही प्लास्टिकची चकती कोणी घालत नाही पण घाला. ती नसली तर नट फिरताना रबराला बरोबर ओढतो, रबर एका बाजूला गोळा होतं आणि तुम्ही एवढी केलेली बैठक गेली. डब्याच्या झाकणातून कात्रीने कापली तरी चालते, खाण्याच्या डब्याचं झाकण घ्या म्हणजे झालं.

आवळायचं किती? नट वॉशरला टेकेपर्यंत बोटांनी, मग दोन बोटांच्या जोराने अर्धा फेरा. वॉशरची कड किंचित फुगलेली बोटाला लागली की थांबा. पाण्याचा दाब एवढाच आहे की याहून जास्त लागतच नाही. नळाचं तोंड सरळ खाली आलं नाही तर नट जरा सैल करून नळ फिरवा आणि परत आवळा, आवळलेला नळ तसाच पिळून सरळ करू नका.

आता तुमचा एमसीलचा प्रश्न. आतून लावू नका. ती इपॉक्सी पुट्टी आहे, कुठलीही इपॉक्सी पॅकेटवर पिण्याच्या पाण्यासाठी चालते असं लिहिलेलं असेल तरच आत वापरायची. बाहेरून लावली तर पाणी आत अडत नाही, मातीतून दुसरीकडून वाट काढतं, आणि ओल्या मातीला ती धरत पण नाही. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे ती दगडासारखी होते. वॉशर आज ना उद्या परत बदलावा लागणार, तेव्हा ती फोडताना माठाचं खापर बरोबर येतं. पांढऱ्या सिमेंटचं पण तेच.

सील करायचंच असेल तर दोन गोष्टी चालतात, पण दोन्ही एकाच जागी नाही. पहिली म्हणजे मधमाशांचं मेण. भोकाची जी कापलेली कोरी माती आहे, आतली गोल भिंत, फक्त तिला मेण पाजायचं म्हणजे ती पाणी पिणार नाही. माठ दुपारच्या उन्हात चांगला तापू द्या, गॅसच्या जाळावर धरू नका, एकाच जागी तापला तर तिथेच तडकेल. मेण वाटीत घालून वाटी गरम पाण्यात ठेवा, ६५ अंशाच्या आत ते वितळतं, मग कापसाच्या बोळ्याने भोकाच्या आत लावा. तापलेली माती ते शोषून घेते, वर राहिलेलं पुसून टाका. वॉशर टेकतो त्या बैठकीवर मेण येऊ देऊ नका.

दुसरी म्हणजे सिलिकॉन सीलंट, पण बाथरूमच्या टाइल्सचा नाही, त्यात बुरशी मारायचं औषध असतं. ट्यूबवर फूड ग्रेड लिहिलेला किंवा माशांच्या टाकीचा घ्या. बैठक खरोखर खडबडीत असेल, काठाची कपची उडालेली असेल तरच हा लावा, चांगल्या बैठकीला नुसता वॉशर पुरतो आणि पुढच्या वेळी काढायला पण सोपा जातो. लावायच्या आधी माती पूर्ण कोरडी आणि ब्रशने धूळ झाडलेली हवी, नाहीतर सिलिकॉन धुळीला चिकटतो, मातीला नाही, आणि मेण लागलेल्या जागी तर तो धरतच नाही, म्हणून म्हटलं दोन्ही एका जागी नको. आतल्या बैठकीवर अगदी पातळ गोल रेघ द्या, वॉशर ठेवा, नट फक्त टेकेपर्यंत फिरवा आणि तसाच सोडून द्या. २४ तासांनी पाव फेरा. यामुळे काय होतं, सिलिकॉन स्वतःच मातीच्या खड्ड्यांच्या मापाचा होऊन जमतो आणि नंतरच्या पाव फेऱ्याने नुसता दबतो. ओला असताना जोरात आवळला तर सगळा बाहेर पिळून निघतो आणि आत काही राहत नाही. पाणी भरायच्या आधी अजून एक दिवस जाऊ द्या, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे, आणि पहिल्या दोन वेळा भरलेलं पाणी झाडांना घाला.

आणि हो, बाहेरून माठाला ऑइल पेंट, वॉर्निश, सीलंटचे थर असलं काही नको. चकतीभोवतीची बोटभर जागा बंद झाली तर काही बिघडत नाही, पण भिंत बंद केली तर पाणी गार होणार नाही.

भरताना पण टप्प्याने भरा. आधी भोकाच्या दोन बोटं वर, तासभर बघा, वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळलेली असू द्या. कोरडी राहिली तर पूर्ण भरा आणि रात्रभर ठेवा. पहिल्या दिवशी माठ नव्याने पाणी पितो, सगळीकडून ओलसर दिसेल, त्याला गळती समजून परत नटाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी पण मुळाशी थेंब धरत असेल तरच पाव फेरा द्या, एकदाच. त्याने थांबला नाही तर नळ खोला आणि परत पिठाचा छाप घ्या, बैठकीतच काहीतरी राहिलंय. काकींच्या माठाची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडी होती, पाव फेऱ्याची पण गरज पडली नाही.

महिनाभर ठीक चालून तुमचा का बिघडला याचा पण अंदाज सांगतो, कारण कारण तसंच राहिलं तर नवा वॉशर पण सैल होईल. माठ तिवईवर असतो, मुलं एका हाताने नळ फिरवतात आणि तो जड असला तर खाली ओढतात. प्रत्येक वेळी दांडा भोकात किंचित डुलतो आणि नट थोडा थोडा सुटतो. भोक दांड्यापेक्षा बरंच मोठं असेल तर हे लवकर होतं. दांडा १९ चा आणि भोक २४ चं असेल तर मधल्या जागेत सिलिकॉनच्या शीटची पट्टी दांड्याभोवती एक वेढा देऊन घाला, दांडा मध्यावर राहतो. ती पट्टी घट्ट ठोकून बसवू नका, नुसती सरकून बसली पाहिजे. नळ दाबायचा किंवा पाव फेऱ्यात उघडणारा घ्या, जो उघडायला जोर लागत नाही असा. आणि माठ धुवायला उचलताना नळाला धरून उचलू नका, तळाखाली हात घाला.

वॉशर बदलायची वेळ झाली हे त्याच्याकडे बघून कळतं. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला माठ बाहेर काढाल तेव्हा नट सोडून वॉशर बोटात दुमडा. दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या, किंवा नटाचा वळ पडलाय आणि तो रात्रभरात भरून आला नाही, तर बदला. पावसाळ्यात माठ वापरत नसाल तर नट सैल करून ठेवा, आवळलेला ठेवला तर वॉशर तसाच चपटा होऊन बसतो. आणि माठ ओला असताना बंद कपाटात ठेवू नका, इथल्या हवेत भोकाच्या काठाला काळी बुरशी धरते, मग परत घासायला लागतं आणि दर वेळी थोडी बैठक जाते.

तुमच्या माठाची तेवढी चिरेची तपासणी आधी करा आणि रेघ उमटली तर किती लांब ते कळवा. वॉशरखाली झाकली जात असेल तर आतून ४० मिलीमीटरचा मोठा वॉशर आणि सिलिकॉन लावून बघता येईल. बाहेर गेली असेल तर नळ काढून भोक तसंच ठेवा आणि माठात तुळस लावा, पाण्यासाठी नवीन माठ घ्या. घेताना हात आत घालून भोकाच्या आतली बाजू बोटाने चाचपून बघा, उंचवटा लागला तर दुसरा मागा.